उत्तरात मधुमेह आहे, मेमरीच्या यादीत नाही

प्रश्न : मी चॅटजीपीटीला सहज विचारलं, ‘माझ्याबद्दल तुला काय काय माहीत आहे?’ त्याने भलं मोठं उत्तर दिलं. मी विज्ञान शिकवते, नवी नोकरी शोधतेय, मुलाची परीक्षा जवळ आलीय, शहर बदलायचा विचार चाललाय, मी नीटनेटकी आणि विचारपूर्वक निर्णय घेणारी आहे, आणि मला मधुमेह आहे! मधुमेह माझ्या आईला आहे, मला नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन मेमरी उघडली तर तिथे चारच ओळी : विज्ञान शिकवते, नोकरी शोधतेय, मुलाची परीक्षा, उत्तरं थोडक्यात हवीत. मधुमेहाचा पत्ता नाही. आईच्या रिपोर्टबद्दलचं चॅट मी केव्हाच डिलीट केलंय. मग हे आलं कुठून? ते खोटं बोलतंय की माझी माहिती दुसरीकडे कुठेतरी लपवून ठेवलीय?

उत्तर : लपवलेलं काही नाही. तुम्ही उघडलेली यादी हा मेमरीचा एक भाग आहे, सगळी मेमरी नाही, आणि ॲपमध्ये तसं सांगितलेलंही असतं. पण यादी समोर दिसली की हेच सगळं असं कुणालाही वाटणार. मधुमेह बहुधा तुमच्या जुन्या चॅट्समधून आलाय. डिलीट केलेल्या चॅटशिवाय आणखी एखाद्या चॅटमध्ये आईच्या साखरेचा विषय निघाला असणार. हा माझा अंदाज झाला. तो बरोबर आहे का, हे तुम्हाला घरबसल्या अर्ध्या तासात तपासता येईल, आणि तेच कसं करायचं ते सविस्तर सांगते. मॉडेलने तुमच्याबद्दल केलेलं एखादं विधान कुठून आलं हे शोधता आलं, तरच ते काढताही येतं.

आधी हे उत्तर तयार कसं होतं ते पाहू. मॉडेलला स्वतःहून तुमची ओळख नसते. तुम्ही नवं चॅट उघडून एक वाक्य टाइप करता, तेव्हा ॲप त्या वाक्याच्या आधी बराच मजकूर गुपचूप जोडून सगळं एकत्र मॉडेलकडे पाठवतं. त्या मजकुरात कंपनीच्या सूचना असतात, आजची तारीख असते, तुम्ही `Custom instructions` मध्ये स्वतःबद्दल काही लिहिलं असेल तर ते असतं, साठवलेल्या मेमरीच्या ओळी असतात, आणि जुन्या चॅट्समधून उचललेली माहिती असते. मॉडेल हे सगळं वाचून उत्तर रचतं. तुमच्या नावाची फाइल उघडून त्यातलं वाचून दाखवणं असा प्रकार तिथे होत नाही. म्हणून तोच प्रश्न उद्या विचारला तर दोन गोष्टी गळतील आणि तिसरी नवीच येईल.

आता यादीत चार आणि उत्तरात जास्त, असं का? चॅटजीपीटीमध्ये मेमरी दोन टप्प्यांत आली. फेब्रुवारी २०२४मध्ये आली ती साठवलेल्या ओळींची मेमरी. तुम्ही ‘हे लक्षात ठेव’ म्हटलं, किंवा मॉडेलला स्वतःला एखादी गोष्ट पुढे उपयोगी पडेल असं वाटलं, की एक छोटी ओळ लिहून ठेवली जाते आणि चॅटमध्ये `Memory updated` अशी खूण दिसते. तुम्ही पाहिल्यात त्या चार ओळी याच. मग एप्रिल २०२५मध्ये दुसरी सोय आली : जुन्या चॅट्सचाच संदर्भ घेण्याची. यात ओळ साठवल्याची खूण दिसत नाही, आणि यातून जे उचललं जातं ते त्या ओळींच्या यादीत येत नाही. सेटिंग्जमध्ये `Personalization` उघडलंत की मेमरीखाली दोन वेगळे स्विच दिसतील, `Reference saved memories` आणि `Reference chat history`. (नावं आणि जागा अधूनमधून बदलतात, पण हे दोन भाग वेगळे आहेत हे लक्षात ठेवलंत की सापडतील.) पहिल्या भागाची ओळन् ओळ तुम्हाला वाचता येते. दुसऱ्या भागाची तशी ओळवार यादी मिळत नाही, आणि तुमच्या चिंतेचं मूळ नेमकं तिथे आहे.

त्यामुळे उत्तर आणि यादी नुसती शेजारी ठेवून उपयोग नाही. उत्तरातल्या प्रत्येक विधानाला ‘तू कुठून आलंस’ असं विचारावं लागतं. आणि हे मॉडेललाच विचारायचं असेल तर प्रश्न बदलायला हवा. ‘माझ्याबद्दल तुला काय माहीत आहे’ हा प्रश्न मोकळा आहे. त्यावर मॉडेल तुमचं व्यक्तिचित्र लिहायला घेतं, आणि व्यक्तिचित्र म्हटलं की रिकाम्या जागा भरल्या जातात. त्याऐवजी नवं चॅट उघडून असं लिहा :

‘माझ्याबद्दल या क्षणी तुझ्यासमोर जो मजकूर आहे तो शब्दशः दे. गोषवारा नको, अंदाज नको, स्वभाववर्णन नको. प्रत्येक ओळीपुढे ती साठवलेली मेमरी आहे, माझ्या कस्टम सूचना आहेत, की जुन्या चॅट्समधून आलेली माहिती आहे ते लिही. माहीत नसेल तर माहीत नाही असं लिही.’

या प्रश्नात मी मधुमेहाचं नाव घेतलेलं नाही आणि तुम्हीही घेऊ नका. ‘मला मधुमेह आहे असं तू का म्हणालास?’ असं विचारलं की तो शब्द त्या चॅटमध्ये तुम्हीच आणून ठेवता. पुढच्या उत्तरात मधुमेह आला तर तो मेमरीतून आला की तुमच्या प्रश्नातून, हे मग कळणार नाही.

दुसरी काळजी अशी की मॉडेलने प्रत्येक ओळीपुढे लिहिलेला उगम हाही शेवटी त्यानेच रचलेला मजकूर असतो. साठवलेल्या ओळींबाबत तो बऱ्याचदा बरोबर निघतो, कारण त्या वेगळ्या करून समोर ठेवलेल्या असतात. बाकीच्यांबाबत तो आत्मविश्वासाने चुकीचं लिहू शकतो. म्हणून त्याच्या सांगण्यावर न थांबता स्विच वापरून पडताळा घ्यायचा. खरा पुरावा तिथे मिळतो.

तुमच्या उत्तरातली सहा विधानं घेऊ.

तीन विधानं सरळ आहेत. विज्ञान शिकवणं, नोकरी शोधणं आणि मुलाची परीक्षा या यादीतल्या ओळी आहेत आणि उत्तरातही आल्या. यादीतली चौथी ओळ, उत्तरं थोडक्यात हवीत, उत्तरात आलीच नाही. यात काही गडबड नाही. ‘माझ्याबद्दल’ म्हटल्यावर मॉडेलने ती सांगण्याजोगी मानली नाही, एवढंच. पण त्यातून एक गोष्ट पक्की कळते : उत्तरात एखादी गोष्ट आली नाही म्हणून ती साठवलेली नाही असं धरता येत नाही. काय साठवलंय हे यादी सांगते, मॉडेलचं मौन सांगत नाही. काही जण एखादी खाजगी गोष्ट मेमरीत गेली का हे मॉडेलला विचारतात, ‘नाही’ असं उत्तर आलं की निर्धास्त होतात आणि यादी उघडतच नाहीत. यादी उघडायला दोन मिनिटंही लागत नाहीत. ती उघडावीच.

नीटनेटक्या आणि विचारपूर्वक निर्णय घेणाऱ्या, या विधानाचा उगम शोधण्यात वेळ घालवू नका. हे राशिभविष्यासारखं आहे, कुणालाही लागू पडतं. तुम्ही कस्टम सूचनांत तसं काही लिहिलेलं नसेल, तर ते उत्तर लिहिता लिहिता रचलं गेलंय असं धरून चाला. वरचा काटेकोर प्रश्न विचारलात की असली वाक्यं बहुतेक आपोआप गळतात, आणि ती गळणं हाच त्यांना वेगळा उगम नसल्याचा पुरावा.

उरली दोन : शहर बदलण्याचा विचार आणि मधुमेह. दोन्ही यादीत नाहीत. यांच्यासाठी पुढची पडताळणी.

सुरुवात करा तात्पुरत्या चॅटने, म्हणजे स्क्रीनवर `Temporary chat` असं दिसतं त्याने. त्यात साधारणपणे मेमरी वापरली जात नाही आणि नवी मेमरीही तयार होत नाही. कस्टम सूचना मात्र तिथेही लागू होतात. तिथे तोच काटेकोर प्रश्न विचारा. जे उत्तर येईल ती तुमची कोरी पाटी समजा. तिथेही मधुमेह आला, तर तो मेमरीतून नाही, कस्टम सूचनांतून येतोय. तिथे जाऊन पाहा, एखाद्या वेळी आईसाठी आहार विचारताना तुम्ही तिथे काही लिहून ठेवलं असेल. तिथे तो आला नाही, आणि बहुधा येणार नाही, तर पुढे जा.

आता नेहमीचं नवं चॅट उघडा, मेमरीचे दोन्ही स्विच चालू ठेवा आणि तोच प्रश्न विचारा. मधुमेह आला का ते पाहा. नाही आला तर आणखी दोन-तीन नव्या चॅट्समध्ये विचारून पाहा, कारण जुन्या चॅट्समधली सगळीच माहिती दर वेळी समोर येते असं नाही. एकदा तो आला की सेटिंग्जमध्ये जाऊन फक्त `Reference chat history` बंद करा, साठवलेल्या ओळींचा स्विच चालूच राहू द्या, आणि पुन्हा नवं चॅट उघडून तोच प्रश्न विचारा. नवंच चॅट हवं; आधीच्याच चॅटमध्ये खाली विचारलंत तर वरचं उत्तर मॉडेलच्या समोरच असतं आणि ते त्यातूनच उचलेल. शिक्षकी, नोकरी, परीक्षा राहिलं आणि शहर व मधुमेह गेले, तर उत्तर मिळालं. ही दोन विधानं जुन्या चॅट्समधून येत होती.

हा स्विच बंद करण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या. कंपनीच्या मदतीच्या पानांनुसार तो बंद केला की जुन्या चॅट्समधून गोळा केलेली माहितीही काढून टाकली जाते, आणि त्यांच्या यंत्रणेतून ती जायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. तुमची चॅट्स मात्र जागेवरच राहतात. तुमच्या बाबतीत मला यात तोटा दिसत नाही. पण एखादीने वर्षभर त्या सोयीवर भरवसा ठेवून काम केलं असेल, तर तिने हा प्रयोग विचार करून करावा.

उगम चॅट्समध्ये आहे हे कळलं, आता ते चॅट शोधायचं. इथे मराठीत लिहिणाऱ्यांची एक खास अडचण होते. आपण कधी देवनागरीत लिहितो, कधी रोमन अक्षरांत, आणि शोध फक्त दिलेल्या अक्षरांचा होतो. म्हणून चॅट्सच्या शोधात ‘मधुमेह’, ‘शुगर’, ‘साखर’ हे शब्द टाकाच, पण `madhumeh`, `sugar`, `sakhar`, `diabetes`, `HbA1c` हेही टाका. आईच्या रिपोर्टचा फोटो कधी टाकला असेल तर फोटोतल्या अक्षरांवर शोध लागेलच असं नाही. पण त्या फोटोवर आलेल्या उत्तरात यातला एखादा शब्द असतोच, आणि त्यावरून चॅट सापडतं. मग संग्रहित चॅट्स पाहा. `Archive` करणं म्हणजे डिलीट करणं नाही. बाजूच्या यादीतून चॅट दिसेनासं होतं, पण ते असतंच, आणि सेटिंग्जमध्ये `Archived chats` या नावाखाली सापडतं. ‘मी केव्हाच डिलीट केलंय’ असं तुम्ही लिहिलंय, पण ते खरंच डिलीट केलं होतं की संग्रहात टाकलं होतं, हेही एकदा बघून घ्या. फोनवर ही दोन बटणं अगदी शेजारी असतात.

चॅट सापडलं की तुमचा प्रश्न नेमक्या कोणत्या शब्दांत होता ते वाचा. माझी खात्री आहे की त्यात ‘आईचं’ हा शब्द नसेल, किंवा खूप नंतर आला असेल. आपण असंच विचारतो : ‘एचबीएवनसी ७.८ आलंय, जास्त आहे का?’ कुणाचं आलंय हे मराठीत सांगावं लागत नाही. समोरच्या माणसाला ते माहीत असतं. मॉडेलला ते माहीत नसतं, आणि खात्यात बोलणारी एकच व्यक्ती आहे असं ते धरून चालतं. साठवलेल्या ओळी तर बहुतेकदा इंग्रजीत, वापरणाऱ्याबद्दल तृतीयपुरुषी लिहिलेल्या असतात. कर्ता नसलेल्या मराठी वाक्याची अशी ओळ होताना कर्ता म्हणून तुमचीच नेमणूक होते. मुलाच्या अभ्यासाबद्दल, नवऱ्याच्या पाठदुखीबद्दल, शेजाऱ्यांच्या कोर्टकज्ज्याबद्दल, ज्याच्या त्याच्या कामासाठी आपण एकाच खात्यातून विचारतो, आणि हे सगळं एकाच माणसाच्या नावावर जमा होत जातं. तुमच्या उत्तरातलं शहर बदलणंही असंच निघेल असं मला वाटतं. तुम्ही त्याबद्दल पत्रात काही म्हटलं नाहीत म्हणून विचारते : तो विचार तुमचाच आहे का, की कुणासाठी भाडं आणि शाळांची चौकशी केली होती?

आता दुरुस्तीकडे वळू. इथे दोन रस्ते आहेत. एक, नव्या चॅटमध्ये लिहायचं, ‘मला मधुमेह नाही, तो आईला आहे, हे लक्षात ठेव.’ याने चूक सुधारते, पण आता तुमच्या मेमरीत आईच्या आजाराची कायमची ओळ तयार होते. दुसरा, उगमच काढून टाकायचा. मी दुसरा रस्ता धरायला सांगेन. आईच्या तब्येतीबद्दल तुम्ही रोज विचारत नसाल तर तिच्या आजाराची नोंद तुमच्या खात्यात राहण्याचं काहीच कारण नाही, आणि ती ठेवायला तिने परवानगीही दिलेली नाही.

काढायचं म्हणजे सापडलेली सगळी मधुमेहाची चॅट्स डिलीट करायची. आणि एक चॅट बहुतेकांच्या लक्षात येत नाही : ज्यात तुम्ही ‘माझ्याबद्दल काय माहीत आहे’ असं विचारलंत आणि त्याने मधुमेह सांगितला, ते. तेही आता तुमच्या जुन्या चॅट्सपैकी एक झालंय, आणि त्यात तर चूक स्पष्ट वाक्यात लिहिलेली आहे. त्याच चॅटमध्ये तुम्ही वैतागून ‘मला नाही, आईला आहे’ असं उत्तर दिलं असेल तर मधुमेहाचा उल्लेख आणखी एकदा झाला. पडताळणीसाठी उघडलेली चॅट्सही अशीच जमतात. सगळं झालं की ती एकूण एक डिलीट करा, नाहीतर तुम्ही जे पुसायला निघालात त्याच्याच नव्या प्रती मागे ठेवून जाल.

‘हे विसर’ असं मॉडेलला सांगून काम भागेल का? साठवलेल्या ओळीबाबत कधी कधी भागतं. पण ‘विसरलो’ असं उत्तर येतं आणि यादीत ओळ तशीच असते, असंही होतं. ‘विसरलो’ हे एक वाक्य आहे, आणि वाक्य लिहिणं त्याला सोपं असतं. म्हणून सांगितल्यावर यादी उघडून बघायची, ओळ असेल तर तिच्यासमोरचं डिलीटचं बटण आपण दाबायचं. उलट बाजूही लक्षात घ्या : चॅट डिलीट केलं म्हणून त्यातून साठवलेली ओळ जात नाही, आणि ओळ डिलीट केली म्हणून चॅट जात नाही. एखादी गोष्ट पूर्ण काढायची तर दोन्हीकडून काढावी लागते. तुमच्या मधुमेहाची ओळ कधी साठवलीच गेली नव्हती, म्हणून तुम्हाला फक्त चॅट्सचं काम आहे.

हे सगळं केल्यावर `Reference chat history` पुन्हा चालू करायचा की नाही हे तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर जे खातं घरातल्या सगळ्यांच्या कामासाठी वापरलं जातं, तिथे तो बंदच बरा, कारण तिथली माहिती कुणाची हे पुढेही असंच चुकत राहणार. चालू केलात, तर काही दिवस जाऊ द्या आणि तोच काटेकोर प्रश्न पुन्हा विचारून पाहा. डिलीट केल्याचा परिणाम त्याच दिवशी दिसेल असं गृहीत धरू नका.

आता यादीतल्या एका ओळीकडे पुन्हा या, कारण मधुमेहाइतकीच मला तिची काळजी वाटते : ‘नवी नोकरी शोधतेय.’ आजही शोधताय का? तुम्ही तिच्याबद्दल तक्रार केलेली नाही, म्हणून खरी असेलही. पण नसेल, तर ती आधी काढा. चुकीची ओळ डोळ्याला खटकते, जुनी झालेली ओळ खटकत नाही. ती एकेकाळी खरी होती. ती तिथे असेपर्यंत तुम्ही मुख्याध्यापकांना पत्र लिहायला मदत मागितलीत तरी मॉडेल तुम्हाला शाळा सोडू पाहणारी शिक्षिका समजून शब्द निवडू शकतं, आणि ते कुठून आलं हे तुम्हाला कळणारही नाही. मुलाच्या परीक्षेची ओळ तर परीक्षा झाल्यादिवशी जुनी होते. म्हणून यादी वाचताना ‘हे बरोबर आहे का’ याबरोबर ‘हे अजून बरोबर आहे का’ असंही प्रत्येक ओळीला विचारा.

दुसरं एखादं ॲप वापरत असाल तर स्विचची नावं वेगळी असतील, रीत हीच. क्लॉडमध्ये मेमरीचा गोषवारा सलग मजकुराच्या रूपात सेटिंग्जमध्ये वाचता येतो आणि बदलता येतो; जुनी चॅट्स शोधून संदर्भ घेण्याची सोय त्याहून वेगळी असते. म्हणजे तिथेही दोन जागा बघाव्या लागतात. प्रोजेक्ट म्हणून वेगळे कप्पे केले असतील तर त्यांच्या सूचना आणि फाइल्स आणखी निराळ्या. कोणतंही ॲप असो, पहिला प्रश्न मेमरी वापरत नसलेल्या कोऱ्या चॅटमध्ये, दुसरा मेमरी चालू ठेवून, तिसरा एकच स्विच बंद करून, हा क्रम चालतो. एका वेळी एकच स्विच हलवायचा. दोन एकदम हलवलेत तर कशामुळे काय गेलं ते सांगता येणार नाही.

तुम्ही पत्रात विचारलेलं नाही, पण ही गल्लत सर्रास होते म्हणून सांगते. मेमरी बंद करणं आणि आपली चॅट्स मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी न देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठीचा स्विच `Data controls` मध्ये असतो, `Improve the model for everyone` या नावाने. मेमरीची यादी अगदी रिकामी असली तरी तो चालू असू शकतो. आईचे रिपोर्ट या खात्यातून गेलेत, तेव्हा तोही आजच पाहून घ्या.

आणि पुढच्या वेळी आईचा रिपोर्ट समजून घ्यायचा असेल तेव्हा तात्पुरतं चॅट वापरा, पहिल्याच वाक्यात ‘माझ्या आईचा रिपोर्ट आहे’ असं लिहा, आणि फोटो टाकण्याआधी वरचा नाव, वय, पत्ता आणि नोंदणी क्रमांकाचा भाग कापून टाका. तात्पुरत्या चॅटची प्रतही सुरक्षेच्या कारणासाठी ३० दिवसांपर्यंत कंपनीकडे राहू शकते, म्हणून कापणं टाळू नका. त्यातले आकडे समजून घ्यायला आईचं नाव लागत नाही.